दुखणं वाढलं, नंबर मात्र शुक्रवारचा

मणक्याच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं काउंटरवर होते. अपॉइंटमेंटचं रजिस्टर, फोन आणि पुढे व्हॉट्सअॅप आल्यावर दवाखान्याचा मोबाइल, हे तिन्ही माझ्याकडे असायचं. नवीन पेशंटला दहा-बारा दिवसांनंतरचा नंबर मिळायचा आणि त्या दहा-बारा दिवसांत दुखणं काही गप्प बसून राहत नाही. मग मेसेज यायचा: "मॅडम, फार त्रास होतोय. प्लीज लवकरचा नंबर द्या. अर्जंट आहे."

असे सहा-सात मेसेज रोज येत. प्रत्येकाचा त्रास खरा असायचा, याबद्दल मला कधी शंका आली नाही. पण सगळ्यांचे शब्द तेच असल्यामुळे कुणाला आज बोलवायचं आणि कोण शुक्रवारपर्यंत थांबू शकतो, हे मला त्यावरून कळायचं नाही. लवकरचा नंबर मिळवणारा मेसेज कसा लिहायचा, हे मी त्या खुर्चीवर बसून शिकले. इथे कंबरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्याचं, म्हणजे सायटिकाचं उदाहरण घेते, कारण मी सर्वांत जास्त तेच पाहिलं.

आधी रजिस्टरच्या पानावर काय असतं ते सांगते. नंबर घेताना तुम्ही जे बोललात, त्यातले दोन-तीन शब्द तिथे असतात: "नवीन, कंबर, डावा पाय." बस्स. त्या दिवशीच्या तुमच्या अवस्थेवरून तुम्हाला वेळ दिलेली असते. पुढे काय बदललं, हे तुम्ही कळवल्याशिवाय दवाखान्यात कुणालाच माहीत नसतं. म्हणून मेसेजमध्ये तुम्हाला किती त्रास आहे यापेक्षा नंबर घेतला त्या दिवसात आणि आजच्यात काय फरक पडला, हे लिहायचं असतं. वेळ बदलायला कारण लागतं आणि हा फरक हेच ते कारण.

दुसरी गोष्ट, काउंटरवरच्या माणसाच्या हातात काय असतं. कुणी नंबर रद्द केला तर ती वेळ मी देऊ शकत होते. शिवाय सर रोज दोन जागा रिकाम्या ठेवायला सांगत, त्यातली एखादी देता यायची. याच्या पलीकडे काही करायचं असेल तर सरांना विचारावं लागे. तुमचं दुखणं गंभीर आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार रिसेप्शनिस्टला नाही आणि तिने तसं ठरवूही नये. तिचं काम योग्य मजकूर योग्य वेळी डॉक्टरांपर्यंत पोचवणं. एक पेशंट बाहेर पडतो आणि दुसरा आत जातो, त्या मधल्या अर्ध्या मिनिटात मी मोबाइल सरांसमोर धरायचे. तेवढ्यात वाचून होईल आणि वाचल्यावर सरांना काही ठरवता येईल, असा मजकूर लागतो.

आता एका पेशंटची गोष्ट. ५१ वर्षांचे एक गृहस्थ, कारखान्यात स्टोअर सांभाळणारे. सोमवारी ३ तारखेला त्यांनी फोन केला आणि त्यांना शुक्रवार १४ तारखेचा, संध्याकाळी ६.४० चा नंबर मिळाला. रजिस्टरमध्ये मी लिहिलं, "कंबर, डावा पाय, पोटरीपर्यंत." पुढच्या सोमवारी, १० तारखेला सकाळी त्यांचा मेसेज आला. वर दिला तसाच, शब्दही जवळपास तेच. फक्त शेवटी एक वाक्य जास्त होतं: "दुखणं थोडं कमी आहे, पण चालताना त्रास होतो."

दुखणं कमी आणि चालायला त्रास, हे दोन्ही एकत्र कसं, म्हणून मी फोन लावला. "काका, चालताना नेमकं काय होतं?" ते म्हणाले, "अहो, डाव्या पायातली चप्पल राहतच नाही. शनिवारपासून मागेच पडते. काल जिन्यात पाय अडकला." मी विचारलं, पायाचा अंगठा वर उचलता येतो का? ते थांबले, बहुधा करून पाहत असावेत. मग म्हणाले, "नाही हो. उजव्याचा येतो."

सायटिकात पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावर दाब येतो, बहुतेक वेळा दोन मणक्यांमधली चकती सरकल्यामुळे. नुसतं दुखणं असेल तर बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत आपोआप किंवा औषधांनी कमी होतं. म्हणून कळ वाढली एवढ्यावरून सर घाबरत नसत. त्यांना काळजी असायची ती ताकदीची. दाब टिकला किंवा वाढला तर त्या मुळावर चालणारे स्नायू दुबळे होतात. चवडा वर उचलला जात नाही, बोटं जमिनीला घासतात, चप्पल निसटते. काही वेळा असं होताना कळ कमी होते, कारण तंतू निरोप पोचवेनासा होतो. पेशंटला वाटतं, आता बरं वाटायला लागलं. काही जण तर या टप्प्यावर आपला नंबरच रद्द करतात. कळ कमी झाली पण पाय बधिर किंवा ढिला वाटतो, असं झालं असेल तर ती सुधारणा समजू नका. त्याच दिवशी कळवा.

ताकद घरी पाहता येते. भिंतीला किंवा टेबलाला धरून अनवाणी उभे राहा, कुणाला तरी जवळ उभं करा. चवडे उचलून फक्त टाचांवर चार-पाच पावलं चालून पाहा. मग दुखऱ्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येतं का ते पाहा. दुसऱ्या पायाशी तुलना करा. कळ येते म्हणून थांबावं लागतं की कळ नसतानाही पाय उचललाच जात नाही, हे नीट बघा, कारण डॉक्टरांसाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोल जाण्याची भीती वाटत असेल तर हे करू नका. खुर्चीत बसून दोन्ही अंगठे वर उचलून पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

काकांशी बोलून मी चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्या आणि सरांना आत नेऊन दिल्या. काकांनीच मेसेज नीट पाठवला असता तर तो असा असता:

"१४ तारखेचा नंबर आहे, पण शनिवारपासून डावा चवडा उचलता येत नाही.
पेशंट: (पूर्ण नाव), वय ५१, नवीन. शुक्रवार १४, सायं. ६.४०.
३ तारखेला नंबर घेतला तेव्हा कंबर आणि डावा पाय दुखत होता, चालणं ठीक होतं. शनिवार ८ पासून डाव्या पायाचा अंगठा आणि चवडा वर येत नाही, चप्पल निसटते, टाचेवर चालता येत नाही. कळ थोडी कमी आहे. उजवा पाय ठीक. लघवी-संडास नेहमीसारखी, बसायच्या जागी बधिरपणा नाही, ताप नाही.
मधुमेहाच्या गोळ्या चालू. एमआरआय अजून काढलेला नाही.
हा मेसेज सरांना दाखवाल का? आज किंवा उद्या केव्हाही येऊ शकतो, बोलावल्यावर ४० मिनिटांत पोचेन. नवी वेळ पक्की होईपर्यंत १४ चा नंबर कृपया तसाच ठेवा.
फोन: (नंबर)"

यातली पहिली ओळ मुद्दाम तशी आहे. मोबाइलवर मेसेजांची यादी उघडली की प्रत्येकाची सुरुवातीची एखादी ओळच दिसते. तिथे "नमस्कार मॅडम, कशा आहात" असेल तर तो मेसेज इतर वीस मेसेजांत मिसळतो. नमस्कार करू नका असं मी म्हणत नाही, पण तो दुसऱ्या ओळीत आला तरी कुणाचा अपमान होत नाही. "१४ तारखेचा नंबर, चवडा उचलता येत नाही" हे वाचल्यावर मी हातातलं काम बाजूला ठेवलं असतं.

नाव, तारीख आणि वेळ दिली की रजिस्टरचं पान लगेच उघडता येतं. आमच्याकडे एकाच आडनावाचे तीन-तीन पेशंट एका संध्याकाळी असत आणि व्हॉट्सअॅपवर नावाऐवजी फुलाचं चित्र किंवा नातवाचा फोटो असायचा. आईसाठी मुलगी लिहीत असेल तर पेशंटचं नाव, लिहिणारीचं नाव आणि नातं, तिन्ही द्यावं. पेशंट घरी एकटी असेल तर फोन कुणाला करायचा तेही लिहावं.

यानंतर तेव्हाचं आणि आताचं, मधे तारीख. तारीख नसेल तर मजकूर निम्मा होतो, कारण पाय शनिवारपासून ढिला आहे की दिवाळीपासून, यावर सरांचा निर्णय बदलतो. मधुमेहाच्या पेशंटने हे विशेष सांभाळावं. त्यांच्या तळपायात आधीपासून मुंग्या किंवा बधिरपणा असू शकतो. "तळपाय दोन वर्षांपासून बधिर, पण चवडा उचलता न येणं नवीन" असं जुनं-नवं वेगळं करून लिहिलं तर गोंधळ होत नाही.

वर्णन रोजच्या हालचालीतून करा. दुखणं दहापैकी नऊ आहे, असं लिहिणारे बरेच असतात. पण एकाचे नऊ दुसऱ्याचे पाच असू शकतात. "आठवड्यापूर्वी भाजी आणायला चालत जात होते, आता मोरीपर्यंत जायलाही भिंत धरावी लागते" यात मोजमाप आपोआप येतं. माझा अनुभव असा की बायका आणि वयस्कर माणसं कमी करून सांगतात. "थोडंसं वाढलंय, पण सवड असेल तरच हं" असं लिहिणाऱ्या एका आजींना दोन रात्री झोपताच आलं नव्हतं आणि हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं. उलट काही जण नंबर मिळावा म्हणून वाढवून सांगतात. तपासणीत ते उघड होतं. वाईट याचं वाटतं की त्या वेळेवर खरी गरज असलेलं दुसरं कुणी बसू शकलं असतं.

काय झालेलं नाही, हे लिहिणं बहुतेकांना सुचत नाही, पण सरांची नजर आधी तिकडेच जायची. लघवी, संडास, बसायच्या जागेचा बधिरपणा, ताप. हे नाही असं स्पष्ट लिहिलेलं असलं की आजच्या संध्याकाळची वेळ चालेल की लगेच हॉस्पिटलला पाठवायचं, हे सर ठरवू शकत. तो उल्लेख नसेल तर मला परत फोन करून विचारावं लागे. पेशंटने फोन उचलला नाही तर तास जाई.

आणि यातलं काही झालेलं असेल तर मेसेज लिहूच नका. काउंटरच्या काचेखाली सरांच्या अक्षरातला एक कागद होता. त्यावर होतं: लघवी अडकणं किंवा झालेली न कळणं, संडासवरचा ताबा सुटणं, जांघांमध्ये आणि बसायच्या जागी बधिरपणा, दोन्ही पायांत ताकद कमी होणं. यातलं काहीही ऐकलं की नंबर द्यायचा नाही. मणक्याची शस्त्रक्रिया आणि एमआरआय जिथे होतो अशा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत ताबडतोब जायला सांगायचं आणि सरांना तिथल्या तिथे कळवायचं. मणक्याच्या खालच्या टोकाला मज्जातंतूंचा घोड्याच्या शेपटासारखा जुडगा असतो. मूत्राशयाचे तंतू त्यातूनच जातात. तिथे दाब आला तर उशीर होईल तशी लघवीवरचा ताबा परत येण्याची शक्यता कमी होत जाते. हे तासांचं गणित आहे, सकाळची वाट पाहण्याचं नाही. वाहन मिळत नसेल तर १०८ ला फोन करा.

इथे लाज आड येते, हे मी पाहिलं आहे. फोनवर "पोट साफ होत नाही" असं सांगणाऱ्या एका ताईंना खरं तर आदल्या रात्रीपासून लघवी झाली नव्हती. मी सरळ शब्दांत विचारलं म्हणून ते कळलं. काउंटरवरच्या माणसाने हे शब्द रोज ऐकलेले असतात. तुम्ही "लघवी" म्हणालात तर तिला काहीच वाटत नाही. फिरवून सांगितलंत तर तिला मुद्दा कळत नाही. पाठदुखीबरोबर थंडी वाजून ताप असेल, किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तेव्हाही मेसेजवर थांबू नका, फोन करा.

मेसेज कसा पाठवायचा, याबद्दलही थोडं. व्हॉइस नोट नको. समोर पंधरा माणसं बसलेली असताना तुमचं दुखणं मोठ्याने ऐकवता येत नाही आणि सरांना ती अर्ध्या मिनिटात दाखवता येत नाही. एमआरआयच्या फिल्म खिडकीला धरून काढलेले आठ फोटोही नकोत. रिपोर्ट असेल तर ज्या पानावर शेवटी निष्कर्ष छापलेला असतो, त्या एका पानाचा स्पष्ट फोटो पुरतो. तोही मजकुरासोबत, नुसता नाही. पाच तुकड्यांत पाच मेसेज पाठवलेत तर मधे दुसऱ्यांचे येतात आणि तुमची गोष्ट तुटते. सगळं एकाच मेसेजमध्ये लिहा.

रात्री साडेअकराला पाठवलेला मेसेज सकाळी दहाला वाचला जातो, असं धरून चाला. दवाखाना उघडण्याच्या थोडं आधी पाठवलात तर वर राहतो. सकाळीच रद्द झालेले नंबर कळतात, म्हणजे तेव्हा द्यायला जागा असण्याची शक्यताही जास्त. पायातली ताकद कमी झाली असेल तर मेसेज पाठवून लगेच फोनही करा: "मॅडम, आत्ता मेसेज पाठवलाय, १४ तारखेचा पेशंट, कृपया सरांना दाखवा." फोनवर सगळं पुन्हा सांगत बसायची गरज नाही. निळी टिक दिसली म्हणजे डॉक्टरांपर्यंत पोचलं असं होत नाही. तासाभरात उत्तर नाही आलं तर परत फोन करण्यात संकोच बाळगू नका.

"जुना नंबर तसाच ठेवा" हे वाक्य वगळू नका. एकदा माझ्याकडून चूक झाली आहे. "लवकरचा नंबर हवा, हा जमणार नाही" असा मेसेज आला, मी जुनी वेळ रद्द समजून दुसऱ्याला दिली आणि लवकरची वेळ काही निघाली नाही. त्या बाई दोन्हीकडून राहिल्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारून घ्यायचे, पण प्रत्येक काउंटरवर विचारतीलच असं नाही. किती वेळात पोचाल, हेही लिहा. दुपारी चारला कुणी नंबर रद्द केला तर मी यादीतल्या ज्याला गाठायचे, तो तासाभरात येऊ शकणारा असायचा.

उत्तर "नाही" आलं तर? "मेसेज सरांनी पाहिला का?" एवढं नम्रपणे विचारा. त्यांनी पाहून शुक्रवार चालेल म्हटलं असेल तर तो डॉक्टरांचा निर्णय आहे. मग मधल्या दिवसांत काय झालं तर लगेच यायचं, तेवढं विचारून घ्या. सर शस्त्रक्रियेत आहेत, बाहेरगावी आहेत, असं असेल आणि पाय खरोखर ढिला पडत असेल, तर त्यांच्यासाठी थांबू नका. तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना त्याच दिवशी पाय दाखवा. तपासून त्यांनी स्वतः फोन केला तर काउंटरवर वेळ निघते, कारण तिथे तपासलेल्या माणसाचा शब्द असतो. किंवा मोठ्या सरकारी रुग्णालयात सकाळी केसपेपर काढून हाडांच्या ओपीडीत दाखवा.

हाच साचा इतर दवाखान्यांतही चालतो, फक्त फरक कशात शोधायचा ते बदलतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे साध्या तपासणीसाठी पुढच्या आठवड्याची वेळ घेतली असेल आणि कालपासून एका डोळ्यासमोर काळे ठिपके अचानक वाढले, कडेला वीज चमकल्यासारखं दिसतं किंवा पडदा ओढल्यासारखं वाटतं, तर तो फरक त्याच दिवशी दाखवायचा आहे, फोन करून. छातीत दाटून येणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, यांसाठी मात्र कोणत्याच रिसेप्शनिस्टला मेसेज करायचा नाही. थेट हॉस्पिटल.

त्या काकांची चिठ्ठी वाचून सर म्हणाले, "ओपीडीच्या आधी, पाचला बोलव. जेवून येऊ नका म्हणावं, चार तास उपाशी राहू दे." ते आले, तपासलं, त्याच रात्री एमआरआय झाला आणि बुधवारी शस्त्रक्रिया. चवडा पूर्ण उचलायला पुढे काही महिने व्यायाम करावा लागला. शुक्रवारची ६.४० ची वेळ मोकळी झाली, ती यादीतल्या दुसऱ्या पेशंटला दिली.

नवी वेळ मिळाल्यावरही दोन गोष्टी करा. "पोचतो, १४ चा नंबर आता सोडला तरी चालेल" असं लगेच उत्तर द्या, म्हणजे ती जागा दुसऱ्याला देता येते. आणि मधल्या तासांत पुन्हा काही बदललं, बधिरपणा वर चढला, दुसरा पाय जड झाला, तर नवा मेसेज सुरू न करता त्याच मेसेजला उत्तर म्हणून वेळेसकट लिहा आणि फोन करा. येताना मोबाइलमध्ये तो मेसेज उघडा ठेवा. सर तारखा त्यावरूनच केसपेपरवर उतरवून घेत.